पहिल्या सात सेकंदांचा हिशेब

व्यापारी घरांत विवाहयोग्य मुलामुलींचा बायोडाटा बहुधा तयारच असतो. वर नाव, शेजारी छायाचित्र, खाली जन्मतारीख, उंची, शिक्षण, वडिलांचा व्यवसाय, मामांचे गाव आणि घराचा पूर्ण पत्ता. दोन कुटुंबांची ओळख करून देणे हे त्या कागदाचे काम असते आणि त्यासाठी हा क्रम योग्यच आहे. घरातील मुलावर किंवा मुलीवर बाहेर नोकरीसाठी अर्ज करण्याचा प्रसंग आला, की पुष्कळदा हाच कागद पुन्हा बाहेर काढला जातो. त्यातून उंची आणि मामांचे गाव वगळले जाते, ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ या मथळ्याखाली दोन ओळींचे एक वाक्य वर चढते, आणि तो रेझ्युमे म्हणून पाठवला जातो. उत्तर येत नाही. पेढीवर केलेल्या कामाला बाहेर किंमत नाही, असा निष्कर्ष मग घरात काढला जातो. वस्तुतः त्या कामाची किंमत ठरवण्यापर्यंत वाचणारा पोहोचलेलाच नसतो.

नजर कोठे थांबते

‘द लॅडर्स’ या अमेरिकेतील नोकरीविषयक संकेतस्थळाने २०१२ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तीस भरती अधिकाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल यंत्राच्या साह्याने टिपण्यात आली. एका रेझ्युमेवरील पहिली नजर सरासरी सहा सेकंद टिकते, असे तीत आढळले. २०१८ साली त्याच संस्थेने पुन्हा पाहणी केली, तेव्हा हा काळ ७.४ सेकंद भरला. सेकंदांच्या आकड्यापेक्षा पहिल्या पाहणीतील दुसरी नोंद अधिक उपयोगाची आहे. त्या अल्पकाळापैकी जवळजवळ चार पंचमांश वेळ सहा गोष्टींवर खर्च होत होता: उमेदवाराचे नाव, सध्याचे पद व संस्था, त्यापूर्वीचे पद व संस्था, सध्याच्या नोकरीच्या तारखा, आधीच्या नोकरीच्या तारखा आणि शिक्षण. उरलेल्या वेळात नजर केवळ जाहिरातीतील नेमके शब्द शोधत फिरत होती.

या पाहणीला मर्यादा आहेत. ती लहान आहे, परदेशातील आहे आणि केवळ पहिल्या नजरेपुरती आहे. सात सेकंदांत कोणाला नोकरी मिळत नाही. कागद बाजूला ठेवायचा की सावकाश वाचायचा, एवढाच निर्णय त्या वेळात होतो. परंतु एका जागेसाठी आलेले शेकडो अर्ज सकाळच्या दोन तासांत चाळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तोच निर्णय महत्त्वाचा असतो.

नजर कागदावर कशी फिरते, हेही जाणून घेण्यासारखे आहे. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर माणसे कशी वाचतात, याविषयी जेकब नील्सन यांनी २००६ साली आपली निरीक्षणे मांडली. वाचक पहिली ओळ बरीचशी आडवी वाचतो, थोडे खाली येऊन दुसऱ्यांदा त्याहून कमी अंतर आडवा जातो, आणि मग डाव्या कडेने सरळ खाली उतरतो. इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारखा हा मार्ग असतो. रेझ्युमे आता बहुधा पडद्यावरच वाचला जातो. त्यामुळे वरच्या दोन-तीन ओळी आणि खालील प्रत्येक ओळीचे पहिले दोन-तीन शब्द पाहिले जातात. ओळीच्या उजव्या टोकाला ठेवलेली महत्त्वाची गोष्ट पहिल्या नजरेत निसटण्याचा संभव मोठा असतो.

सोळा ओळींचे भांडवल

ए-फोर कागदाची उंची २९.७ सेंटिमीटर असते. त्याचा वरचा तृतीयांश म्हणजे दहा सेंटिमीटरही नाही. त्यातून वरचा दोन सेंटिमीटरचा समास वजा केला, की आठ सेंटिमीटर उरतात. अकरा पॉइंटच्या अक्षरात, वाचता येईल एवढे अंतर ठेवून, तेथे साधारण सोळा ओळी बसतात. पहिल्या नजरेसाठी उमेदवाराजवळ एवढेच भांडवल असते. ते कशावर खर्च झाले, हे पाहिले की बरेच काही उलगडते.

नमुन्यादाखल इचलकरंजीतील एका कापड पेढीचा हिशेब सांभाळणारा तरुण घ्यावा. तो २०२१ साली शिवाजी विद्यापीठातून बी.कॉम. झाला आणि त्याच वर्षीच्या जूनपासून वडिलांच्या पेढीवर बसला. चार वर्षे त्याने बाहेरगावच्या व्यापाऱ्यांची खाती, उधारीची वसुली आणि जीएसटीचे काम पाहिले. मोठा भाऊ पेढी समर्थपणे चालवतो. म्हणून या मुलाला पुण्यातील एखाद्या उत्पादन कंपनीत हिशेब विभागात जायचे आहे. जाहिरातीत मागणी अशी आहे: येणे रकमांचा पाठपुरावा, टॅली प्राइम, जीएसटीचे ज्ञान, दोन ते चार वर्षांचा अनुभव. मुलगा या जागेस योग्य आहे.

त्याच्या जुन्या रेझ्युमेच्या सोळा ओळी अशा खर्च झालेल्या असतात. एक ओळ ‘बायोडाटा’ या मोठ्या मथळ्यावर. पाच ओळी नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि येणाऱ्या भाषा यांवर. तीन ओळी घर क्रमांकापासून पिनकोडपर्यंतच्या पत्त्यावर. दोन ओळी ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीत योगदान देणे’ या उद्दिष्टावर. उरलेल्या पाच ओळींत दहावीपासून सुरू होणारा गुणांचा तक्ता, ज्याची बी.कॉम.ची ओळ सर्वांत शेवटी येते. उजव्या कोपऱ्यात छायाचित्र. अनुभव दुसऱ्या पानावर, आणि तोही एका ओळीत: ‘२०२१ पासून घरचा व्यवसाय’.

आता नजर ज्या सहा गोष्टी शोधते, त्या येथे ताडून पाहाव्यात. नाव सापडते. सध्याचे पद सापडत नाही. संस्था सापडत नाही. तारखा सापडत नाहीत. शिक्षण सापडते, पण आधी दहावीचे टक्के दिसतात. जाहिरातीतील ‘टॅली’, ‘जीएसटी’, ‘येणे’ यांपैकी एकही शब्द वरच्या तृतीयांशात नाही. वाचणाऱ्याच्या दृष्टीने हा अनुभव नसलेला नवा पदवीधर ठरतो. चार वर्षांचे काम कागदावर आहे, पण ते चुकीच्या पानावर आहे.

तेच भांडवल नव्याने मांडताना

प्रत्यक्ष रेझ्युमे इंग्रजीत असेल. येथे त्याचा आशय मराठीत दिला आहे. पहिल्या ओळीत केवळ पूर्ण नाव, सोळा पॉइंटच्या ठळक अक्षरात. ‘बायोडाटा’ किंवा ‘रेझ्युमे’ हा मथळा नको. कागद काय आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. दुसऱ्या ओळीत मोबाइल, ई-मेल आणि ‘इचलकरंजी, पुण्यात येण्यास तयार’ एवढेच. पूर्ण पत्त्याची या टप्प्यावर कोणालाही गरज नसते, मात्र गाव दुसरे असेल तर स्थलांतराची तयारी अवश्य लिहावी, अन्यथा केवळ गावाच्या नावावरून कागद बाजूला पडू शकतो. आधार किंवा पॅन क्रमांक तर रेझ्युमेवर कधीच छापू नये, कारण हा कागद किती हातांतून जाईल याचा भरवसा नसतो.

त्यानंतर मथळ्याची एक ओळ:

*अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह (येणे वसुली व जीएसटी) – बी.कॉम. – ४ वर्षे – टॅली प्राइम*

सर्व सोळा ओळींत या ओळीचे मोल सर्वाधिक आहे. जुन्या काळी हुंडी हाती आली, की कोणी लिहिली, कोणावर लिहिली, रक्कम किती आणि मुदत किती, हे तिच्या दर्शनी मजकुरातच कळत असे. या ओळीनेही तेच करावयाचे असते: कोणते काम, कोणत्या पात्रतेवर, किती वर्षे आणि कोणत्या साधनावर. कामाचे नाव शक्यतो जाहिरातीतील शब्दांतच लिहावे, अर्थात ते काम खरोखर केलेले असेल तरच. प्रत्येक अर्जासाठी रेझ्युमेत बहुधा एवढी एकच ओळ बदलावी लागते. नोकरी डॉट कॉमसारख्या संकेतस्थळावर भरती अधिकाऱ्याला रेझ्युमे उघडण्यापूर्वी यादीत उमेदवाराची थोडक्यात माहिती दिसते. तेथील ‘रेझ्युमे हेडलाइन’ या रकान्यातही हीच ओळ द्यावी.

मथळ्याखाली तीन मुद्दे, प्रत्येकी जास्तीत जास्त दोन ओळींचे:

*१४० ग्राहक खात्यांची उधारी सांभाळली. सरासरी वसुली कालावधी दोन वर्षांत ७३ दिवसांवरून ५३ दिवसांवर आणला.*

*दरमहा जीएसटीआर-१ व जीएसटीआर-३बी विवरणपत्रांची तयारी. खरेदीच्या नोंदींची जीएसटीआर-२बीशी जुळवणी.*

*टॅली प्राइम व एक्सेल यांचा रोजचा वापर. थकबाकीचा वयोमानानुसार साप्ताहिक तक्ता.*

येथे ‘उद्दिष्ट’ नाही, हे लक्षात यावे. उद्दिष्टाचे वाक्य उमेदवाराला काय हवे ते सांगते. वाचणारा मात्र त्याने काय केले ते शोधत असतो. शिवाय तिन्ही मुद्द्यांची पहिली अक्षरे पाहावीत: ‘१४० ग्राहक खात्यांची’, ‘दरमहा जीएसटीआर’, ‘टॅली प्राइम’. डाव्या कडेने खाली उतरणाऱ्या नजरेला एवढ्यावरूनही काम कळते.

यानंतर ‘अनुभव’ हे उपशीर्षक आणि त्याखाली पद, पेढीचे नाव, ‘ग्रे कापडाचा ठोक व्यापार, कौटुंबिक पेढी’, ‘जून २०२१ ते आजपर्यंत’. महिना अवश्य लिहावा. नुसते ‘२०२१ ते २०२३’ लिहिले, तर ते तेरा महिने की पस्तीस, हे कळत नाही आणि वाचणारा बहुधा कमीच धरतो. एवढे होईतो सोळा ओळी संपतात. शिक्षण पानाच्या खालच्या भागात स्पष्ट उपशीर्षकाखाली, पदवी प्रथम या क्रमाने द्यावे. पदवीचा उल्लेख मथळ्यात आलेलाच आहे. नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या आणि अनुभव नसलेल्या उमेदवाराने मात्र शिक्षणच अनुभवाच्या जागी वर आणावे.

आकडा कोठून आणावा

७३ वरून ५३ हा आकडा पेढीच्या हिशेबातूनच निघतो. समजा, एका वर्षी उधारीची विक्री ६ कोटी रुपये आणि येणे रक्कम सरासरी १ कोटी २० लाख. येणे भागिले विक्री गुणिले ३६५ असे केले, की ७३ दिवस येतात. दोन वर्षांनी विक्री ६ कोटी ६० लाख आणि सरासरी येणे ९५ लाख असेल, तर हाच हिशेब सुमारे ५३ दिवसांवर येतो. ३१ मार्चची शिल्लक मात्र घेऊ नये. वर्षअखेरीस वसुलीचा जोर असतो आणि तो आकडा फसवा ठरतो. महिनाअखेरच्या बारा शिलकांची सरासरी घ्यावी. येणे रकमेत जीएसटी असतो आणि विक्रीत तो बहुधा धरलेला नसतो, त्यामुळे दोन्ही वर्षी एकच पद्धत ठेवणे आवश्यक.

दिवसांच्या या हिशेबाचा व्यापारी घरांना आणखी एक लाभ आहे. पेढीची उलाढाल परक्या हातांत जाणाऱ्या कागदावर लिहिणे अनेक वडीलधाऱ्यांना मान्य नसते, आणि त्यांचा संकोच रास्त आहे. दिवसांचा आकडा कामाची गुणवत्ता दाखवतो, पण विक्री किती आणि येणे किती यांतले काहीच उघड करत नाही. त्याचप्रमाणे खात्यांची संख्या, दरमहा निघणाऱ्या बिलांची संख्या, वेळेवर भरलेली विवरणपत्रे हे आकडेही गुप्तता न मोडता देता येतात.

मात्र लिहिलेल्या प्रत्येक आकड्यावर मुलाखतीत ‘हे कसे केले?’ असा प्रश्न येणार, हे गृहीत धरावे. दर सोमवारी थकबाकीचा तक्ता काढणे, मुदत संपण्यापूर्वीच स्मरण देणे आणि नव्वद दिवसांवर बाकी गेल्यास पुढचा माल थांबवणे, असे उत्तर त्या मुलाजवळ असेल तर आकडा त्याचा आहे. वसुली वडिलांच्या शब्दावर झाली असेल आणि मुलाने केवळ नोंदी ठेवल्या असतील, तर नोंदींचाच मुद्दा लिहावा.

घरच्या पेढीचा उल्लेख

कौटुंबिक पेढी दिसली, की भरती अधिकाऱ्याच्या मनात दोन शंका येतात. काम खरोखर केले की केवळ नाव लावले? आणि सहा महिन्यांनी हा मुलगा पुन्हा दुकानात तर जाणार नाही ना? या शंकांच्या भीतीने काही जण ‘कौटुंबिक’ हा शब्द गाळतात. पेढीचे नाव आणि आडनाव एकच असले, तर ते लगेच ध्यानात येते आणि मग लपवल्याचा ठपका अधिक महाग पडतो. तो शब्द स्पष्ट लिहावा. पहिल्या शंकेचे उत्तर वरचे तीन मुद्दे देतात. दुसरीचे उत्तर रेझ्युमेत न देता सोबतच्या पत्रातील एका वाक्यात द्यावे: पेढीचा कारभार मोठा भाऊ पाहतो आणि अर्जदार कंपनीतील हिशेबाचे काम कायमचे क्षेत्र म्हणून स्वीकारू इच्छितो.

पदनामाच्या बाबतीत मोह आवरणे आवश्यक असते. मालकीच्या पेढीत ‘डायरेक्टर’ हे पदच नसते. ‘पार्टनर’ हा शब्द भागीदारी पत्रात नाव असेल तरच लिहावा. शिवाय मोठे पद साध्या जागेसाठी अडचणच करते: ‘डायरेक्टर’ असलेला मनुष्य ‘एक्झिक्युटिव्ह’च्या जागेसाठी का येतो, हा प्रश्न पहिल्या सेकंदालाच उभा राहतो. प्रत्यक्ष कामाचे साधे नाव सर्वांत सुरक्षित असते. घरातील सुनेने किंवा लेकीने वर्षानुवर्षे पेढीची टॅली सांभाळली असेल, पण नावाची कोठे नोंद नसेल, तर तिनेही ‘गृहिणी’ लिहून मध्ये मोठा खंड दाखवू नये. ‘हिशेब लेखन, कौटुंबिक पेढी’ असे पद आणि खऱ्या तारखा लिहाव्यात.

निवडीनंतर अनेक कंपन्या पूर्वीच्या नोकरीची पडताळणी करतात आणि वेतनाचा पुरावा किंवा पत्र मागतात. घरच्या मुलाला वेतन दिलेच नसेल, तर मागील तारखेचे नियुक्तिपत्र तयार करू नये. वेतन घेतले नव्हते, असे सरळ सांगावे. पेढीचे कर सल्लागार किंवा सनदी लेखापाल त्या कामाची साक्ष देऊ शकतात. त्यांची अनुमती आधी घेऊन ठेवावी. ज्या घरात मुलाने पुढे बाहेर जाण्याचा विचार आहे, तेथे आजपासूनच रीतसर नियुक्तिपत्र आणि बँकेमार्फत वेतन सुरू करणे शहाणपणाचे ठरते.

पाठवण्यापूर्वी दोन चाचण्या

पहिली चाचणी यंत्रासाठी. बऱ्याच कंपन्यांत रेझ्युमे प्रथम संगणक प्रणालीत जातो, आणि ती त्यातील मजकूर उचलून रकान्यांत भरते. पानाच्या अगदी वरच्या ‘हेडर’ या भागात लिहिलेला मोबाइल क्रमांक, दोन स्तंभांची मांडणी, चौकटी आणि तक्ते यांत काही प्रणाली गोंधळतात. तयार फाइल उघडून सर्व मजकूर निवडावा, त्याची नक्कल घ्यावी आणि नोटपॅडमध्ये चिकटवावी. तेथे नाव, संपर्क, मथळा, मुद्दे हा क्रम जसाच्या तसा उतरला, तर मांडणी ठीक आहे. ओळी एकमेकींत मिसळल्या किंवा फोन क्रमांक नाहीसा झाला, तर तक्ता काढून साधा मजकूर ठेवावा.

दुसरी चाचणी माणसासाठी. जो या तरुणाचे काम जाणत नाही, अशा कोणासमोर पडद्यावर केवळ वरचा तृतीयांश सात सेकंद धरावा आणि मग झाकावा. त्यानंतर तीनच प्रश्न विचारावेत: हा कोणते काम करतो? किती वर्षे? आणि एखादा आकडा आठवतो का? जुन्या कागदावर बहुधा ‘बी.कॉम. झालेला मुलगा’ एवढेच उत्तर मिळेल. नव्या कागदावर ‘वसुली आणि जीएसटी पाहतो, चार वर्षे, त्र्याहत्तरचे काहीतरी कमी केले’ असे उत्तर आले, की सोळा ओळी आपापल्या जागी बसल्या आहेत असे समजावे. दोन्ही कागदांवरचा मुलगा तोच आणि पेढीही तीच. बदलली ती केवळ वरच्या दहा सेंटिमीटरची मांडणी.